संध्याकाळी उरलेला माल: दर कधी पाडायचा, किती पाडायचा?

पाटावरवंटा
नमस्कार मंडळी. महोत्सवात स्टॉल टाकलाय, संध्याकाळी ४ ते रात्री १०, अजून काही संध्याकाळी बाकी आहेत. माल सगळा हाताने केलेला. मुख्य म्हणजे सारण भरून तळायचा एक प्रकार, शिवाय बर्फाच्या पेटीत ठेवलेला दुधाचा गोड पदार्थ आणि थोडा कोरडा माल. कोरड्याची काळजी नाही, तो उद्या विकता येतो. प्रश्न पहिल्या दोघांचा.

रात्री ८ ला बघितलं तर भरलेले ९० नग शिल्लक होते. शेजारच्या स्टॉलवाल्याने लगेच अर्ध्या किमतीचा बोर्ड लावला आणि भाचा म्हणाला आपणपण लावू, नवरा म्हणाला गप्प बसा, आत्ताच कोणीतरी पूर्ण पैसे देऊन गेलंय ते परत आले तर काय तोंड दाखवणार. मी मधल्यामधे. शेवटी साडेनऊला घाईघाईत अर्धे केले आणि तरी बरेच उरले. तर नेमकं कधी आणि किती कमी करायचं याचा काही हिशेब असतो का की अंदाजपंचेच? दर सोयीसाठी १०० धरा, सामानाचा खर्च त्यातला साधारण ३५.

गल्लेवाला
सरळ नियम सांगतो. ३५ च्या खाली कधी विकायचं नाही, बाकी काहीही करा. खर्चाखाली विकलं की घरातून पैसे घातले. आणि खरं सांगू का, दर पाडूच नका, माल कमी करा. उरतोच कशाला?

साबणवाली
मी हाताने केलेले साबण विकते, माझा अनुभव असा की उरलेला माल नीट खोक्यात भरून पुढच्या प्रदर्शनाला नेला की तो तसाच विकला जातो. दर पाडायची काही गरज नाही. फक्त पॅकिंग चांगलं ठेवा, कोंदट जागी ठेवू नका.

पाटावरवंटा
@साबणवाली, ताई, माझं ते पुढच्या प्रदर्शनाच्या आधी चालत जाईल :)

साबणवाली
अरे हो की, खायचं आहे ना ते. वाचताना "हाताने केलेला" एवढंच डोक्यात राहिलं. पण मलाही उत्तर वाचायचंय, थांबते इथेच.

हिशेबनीस
बरीच वर्षं एका मोठ्या बेकरीत रोजचं उत्पादन आणि शिल्लक बघायचं काम केलंय, म्हणून लिहितो. आधी @गल्लेवाला यांच्या मुद्द्याबद्दल. तो सकाळी बरोबर आहे आणि रात्री चूक आहे. सकाळी ठरवताना ३५ हातात आहेत, म्हणजे एक नग कमी केला तर ३५ वाचतात. रात्री ८ ला तळून ठेवलेल्या नगाचे ३५ गेलेले आहेत, तुम्ही तो १० ला विका नाहीतर टाकून द्या, ते परत येणार नाहीत. रात्री प्रश्न एवढाच असतो की हा नग आत्ता कमी दरात दिला तर तो पुढच्या दोन तासात पूर्ण दरात गेला असता का. गेला असता तर नुकसान, नसता गेला तर जे येतील ते पैसे. त्यातून पिशवी-डब्याचा खर्च तेवढा वजा धरा.

न तळलेलं सारण मात्र वेगळं. ते थंडीत असेल तर उद्या कामाला येतं, म्हणजे त्याचे पैसे अजून गेलेले नाहीत. म्हणून पाटावरवंटा, आधी दोन गोष्टी सांगा: ८ ला जे ९० होते ते सगळे तळून झालेले होते का, आणि गिऱ्हाईक एका वेळी किती नग घेतं?

पाटावरवंटा
सगळे तळलेले. शेवटचा घाणा सव्वासातला काढला, तेव्हा गर्दी होती आणि भाच्याला वाटलं अजून लागतील. आठच्या सुमाराला तासाला २४ च्या आसपास जात होते, शेवटच्या तासात गर्दी अर्ध्यावर येते. बरेच जण दोन घेतात, काही एक, एखाद-दुसरं कुटुंब तीन. चार-पाच घेणारे क्वचित.

हिशेबनीस
हे सोन्यासारखं आहे, बहुतेक स्टॉलवाल्यांना हे विचारलं तर सांगता येत नाही.

मग ८ वाजताचं चित्र असं. ८ ते ९ मधे २४, ९ ते १० मधे १२, म्हणजे काहीही केलं नाही तरी ३६ पूर्ण दरात जातात. ३६०० आले. ५४ उरतात. ही झाली तुमची पायाभूत रेषा, कुठलाही डिस्काउंट याच्याशी तोलायचा. ९० नगांची पूर्ण किंमत ९००० डोक्यात ठेवलीत तर घाबरून भलतंच कराल, ते पैसे तुमच्याकडे येणारच नव्हते.

आता ८ लाच सरसकट ३० टक्के पाडले समजा. एक नग ७० ला. ३६०० गाठायला ५२ नग विकायला हवेत. म्हणजे १६ जास्तीचे नग फक्त होतो तिथेच राहायला. कारण जे ३६ नग पूर्ण दरात जाणारच होते त्या प्रत्येकावर तुम्ही ३० सोडले. सरसकट पाडण्याची गोम हीच आहे, ज्याला सूट नको होती त्यालाही ती मिळते.

रिकामटेकडा
गिऱ्हाईकाच्या बाजूने बोलू का? मी अशा महोत्सवात मुद्दाम नऊनंतर जातो. बोर्ड लागले की घेतो. पहिल्या दिवशी एकदा फेरी मारून बघून ठेवायचं कोण किती वाजता पाडतं, मग बाकीचे दिवस आरामात. माझ्यासारखे पुष्कळ आहेत, बायको तर मला आधी जायलाच देत नाही.

गल्लेवाला
बघा! हेच म्हणत होतो. एकदा पाडलंत की हा माणूस उद्या आठला येणारच नाही.

हिशेबनीस
@गल्लेवाला इथे तुम्ही बरोबर आहात. काही दिवस चालणाऱ्या महोत्सवात आजच्या सुटीची खरी किंमत उद्या मोजावी लागते. म्हणून सूट अशी द्या की एक नग घेणाऱ्याला थांबून काही फायदा नसावा. एका नगाचा दर १०० च ठेवा, बोर्डवर तोच. फक्त जास्त घेणाऱ्याला कमी पडेल असा जोड द्या. तीन घ्या दोनचे पैसे द्या वगैरे.

८ ते ९ चे २४ नग घेऊन बघू. समजा सहा जण एकेक घेतात, सहा जण दोन-दोन, दोन कुटुंबं तीन-तीन. ६ + १२ + ६ = २४. पैसे २४००. आता तीनच्या जोडाला २०० केले. दोन घेणारा होता तो तसेही २०० देत होता, तो तीन घेऊन जाईल, तुमच्या गल्ल्यात फरक नाही. तीनवाल्यांकडून प्रत्येकी १०० गेले, म्हणजे २०० गेले. एक घेणाऱ्या सहातल्या दोघांना मोह झाला आणि त्यांनी जोड घेतला तर २०० परत आले. एकूण परत २४०० आणि नग गेले ३४. सरसकट ३० टक्क्यात एवढेच पैसे आणायला ३५ नग जावे लागले असते आणि त्यासाठी अकरा नगांची नवी मागणी कुठून तरी आणावी लागली असती. इथे दोन माणसांनी मन बदललं की झालं.

पाटावरवंटा
थांबा थांबा. पैसे तेवढेच आले आणि दहा नग फुकट गेले, मग मला काय मिळालं? ते दहा तर मी रात्री टाकणारच होते, बरोबर, पण उद्या तोच माणूस परत दोन घ्यायला आला असता तो आता पोट भरून गेला ना.

हिशेबनीस
अगदी मर्मावर बोट ठेवलंत. दोनवाल्याला तिसरा फुकट देऊन काही मिळत नाही, फक्त टोपली रिकामी दिसते. म्हणून जोडाची किंमत नेहमीच्या खरेदीच्या थोडी वर ठेवायची. तीनला २४० करून बघा. दोनवाल्याला तिसरा ४० ला पडतो, तुम्हाला तो टाकायचाच होता म्हणजे ४० वरकड. सहातले चौघे हो म्हणाले धरा: ४ × २४० आणि २ × २०० मिळून १३६०. तीनवाले दोन, ४८०. एकवाल्यांत एखादाच वळेल, २४० आणि बाकी पाचांचे ५००. बेरीज २५८०, नग गेले ३०. आधीपेक्षा नग चार कमी गेले पण पैसे १८० जास्त, आणि एकाचा दर जागच्या जागी.

म्हणजे "किती टक्के" हे नंतर येतं. आधी बघायचं की लोक सहसा किती घेतात, आणि जोड त्याच्या एक पायरी वर लावायचा. तुमच्याकडे सगळे तीन-तीन घेत असते तर तीनचा जोड म्हणजे निव्वळ तोटा, तेव्हा पाचचा लावावा लागला असता. माझे चौघे आणि एक हे अंदाज आहेत हं, तुमच्याकडे दोघेच वळले तर? तरी ८ ते ९ मधे २५०० येतात, म्हणजे फार काही बिघडत नाही.

निशिगंध
माझा फुलांचा स्टॉल असतो, आमच्याकडे रात्री उरलेलं म्हणजे उरलंच. मी एक करते, सुटी फुलं पाडत नाही, मिश्र गुच्छ बांधते, त्यात काय किती आहे ते गिऱ्हाईक मोजत नाही त्यामुळे दराची तुलनाच होत नाही. पाटावरवंटा, तुम्ही तळलेलं आणि कोरडं मिळून एक डबा केला तर? कोरडा माल उद्याही चालतो म्हणता, पण डब्यात दोन कोरडे घातले की डबा भरलेला दिसतो.

आकडेमोड
निशिगंध यांची आयडिया भारी आहे, जगात यावर चाललेला धंदा आहे. टू गुड टू गो म्हणून एक अॅप २०१५ मधे डेन्मार्कमधे सुरू झालं, त्यात दुकानं दिवसाअखेर उरलेल्या मालाची "सरप्राइज बॅग" विकतात. आत काय आहे ते आधी सांगत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या मालाचा दर पडलाय असं वाटत नाही.

पण मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. उरतं म्हणजे चूक झाली असं सगळे का धरताय? एक नग कमी पडला तर ६५ बुडतात, एक जास्त झाला तर ३५ बुडतात. मग माल एवढा करायला हवा की १०० मधल्या ६५ संध्याकाळी तो पुरेल आणि ३५ संध्याकाळी कमी पडेल. म्हणजे गणित अगदी बरोबर केलं तरी बहुतेक संध्याकाळी थोडं उरणारच! पेपरवाल्याचं गणित म्हणतात याला, किती पेपर उचलायचे ते. आणि उरलेला नग २० ला जरी खपवता आला तर जास्तीचा नुकसान १५ वर येतो आणि ६५ चे ८१ होतात, म्हणजे अजून जास्त माल करायचा.

हिशेबनीस
पहिला अर्धा भाग मान्य, गल्लेवाला यांच्या "उरतोच कशाला" याला तेच उत्तर आहे. ज्या स्टॉलचं रोज साडेआठला सगळं संपतं तो रोज कोणालातरी परत पाठवतोय.

दुसऱ्या भागात मात्र खड्डा आहे. "उरलेला २० ला जातो" हे पहिल्या दहा नगांना खरं, साठाव्याला नाही. रात्री साडेनऊला घेणारे मोजके असतात, पाचपन्नास माणसं आणि त्यांची पोटं. माल वाढवला की सुटीत जास्त जाईल, सुटीत जास्त गेलं की पूर्ण दरात कमी जाईल, आणि तुमचं सूत्र म्हणेल अजून वाढवा. शिवाय हाताने केलेला माल आहे, ३५ मधे पाटावरवंटा यांनी स्वतःची मजुरी धरलीय का?

पाटावरवंटा
नाही धरली. मी आणि जाऊबाई दुपारी बारापासून सारण भरतो, ती मजुरी कोण धरतं. धरली तर ५५ होईल बहुतेक.

आकडेमोड
५५ धरले तर ६५ च्या जागी ४५ संध्याकाळीच माल पुरायला हवा, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा संपलेलाच बरा. अरेच्चा, मग गल्लेवाला जिंकले की.

गल्लेवाला
चहा पाजा.

सूक्ष्मदर्शी
अन्नतपासणीच्या लॅबमधे काम करते, म्हणून मधे पडते, राग मानू नका. सगळे दराच्या घड्याळाबद्दल बोलताय, पण या मालाला दुसरं घड्याळ आहे आणि ते आधी संपतं. शिजवलेलं ओलसर सारण ५ ते ६० अंशाच्या मधे असलं की जिवाणू वाढतात. ऑस्ट्रेलियाच्या अन्नसुरक्षा नियमावलीत याचा हिशेब सोपा करून दिलाय: या तापमानात एकूण दोन तासांच्या आत असेल तर परत थंडीत ठेवता येतं, दोन ते चार तासांत असेल तर तेव्हाच खायचं, चार तासांच्या वर गेलं की टाकायचं. तुमच्याकडे लागू असलेला नियम वेगळा असेल तर तो पाळा, पण हे मनात ठेवायला बरं आहे.

आता सव्वासातचा घाणा घ्या. टोपलीत साध्या हवेवर आहे, थोड्याच वेळात ६० च्या खाली येतो. साडेनऊला तुम्ही तो स्वस्तात सहाच्या डब्यात दिलात, गिऱ्हाईक घरी पोचायला साडेदहा, दोन खाल्ले आणि चार सकाळच्या चहाबरोबर खायला ठेवले. सूट जितकी मोठी आणि डबा जितका मोठा तितकं ते नंतर खाल्लं जाण्याची शक्यता जास्त, हे कोणी धरतच नाही. आणि सव्वासातचा घाणा निदान नवा तरी होता, पाचचा घाणा नऊला खाली दबलेला असेल तर तो कुठल्याच दरात विकायचा नसतो.

रिकामटेकडा
मी तर असलं आणून सकाळी गरम करून खातो, काही होत नाही.

गल्लेवाला
परत एकदा कडकडीत तळून घेतलं की सगळे जिवाणू मरतात, यात एवढं काय.

सूक्ष्मदर्शी
जिवाणू मरतात, त्यातल्या काहींनी तोवर तयार केलेलं विष मरत नाही. हाताने भरलेल्या मालात यातला स्टॅफिलोकोकस महत्त्वाचा, तो माणसाच्या हातावर आणि नाकात असतो, आणि त्याचं विष उकळूनही टिकतं. पिठूळ सारणात बॅसिलस सेरिअस, त्याचं उलटी आणणारं विषही तसंच चिवट. वास बदलत नाही, चव बदलत नाही, म्हणून हुंगून कळत नाही. म्हणून परत तळणे हा उपाय "आज शिल्लक राहिलेलं उद्या" यासाठी नाहीच.

दुधाच्या गोडाचं उलट आहे. तो ५ अंशाच्या खाली राहिला तर त्याला घाई नाही, उद्याही विकाल. पण पेटीतला बर्फ वितळून पाण्यात डबे तरंगत असतील आणि दर मिनिटाला झाकण उघडत असेल तर तो ५ च्या खाली आहे हे कशावरून? थर्मामीटर ठेवा, हात लावून गार लागणं पुरेसं नाही.

पाटावरवंटा
हे वाचून पोटात गोळा आला. थर्मामीटर नाहीये, उद्या घेते. म्हणजे मी दुधाच्यावर उगीच सूट देत होते आणि तळलेल्यावर उशिरा?

हिशेबनीस
हो, साधारण तसंच. बर्फ नीट सांभाळला तर दुधाचा माल आज पाडायचं कारणच नाही. सगळ्या स्टॉलवर एकदम बोर्ड लावला की हे भान सुटतं.

आणि सूक्ष्मदर्शी यांचं म्हणणं दराच्या हिशेबात घातलं की माझंच थोडं बदलतं. सूट साडेनऊला नाही, आठ-सव्वाआठला सुरू व्हायला हवी, आणि ती लहान जोडांची, तिथेच उभं राहून खाता येतील अशी. नऊनंतर मोठे डबे दिले तर त्यावर "आजच खा" असं लिहून आणि तोंडानेही सांगून. आणि घाण्याची वेळ टोपलीवर खडूने लिहा, जुना घाणा आधी पुढे. आधीचा खाली आणि नवा वर असं झालं की शेवटी तुमच्याकडे उरतात ते सगळ्यात जुने.

पण या सगळ्याच्या आधी, सगळ्यात स्वस्त सूट म्हणजे न तळलेला घाणा. सव्वासातला तुमच्याकडे टोपलीत किती होते?

पाटावरवंटा
पन्नासेक असतील. घाणा साठचा होता.

हिशेबनीस
सव्वासातला पन्नास होते आणि आठला नव्वद, म्हणजे पाऊण तासात वीस गेले. तो वेग धरून घाणा काढायच्या आधी एक प्रश्न विचारायचा: टोपलीत आहे ते बंद होईपर्यंत पुरेल का? सव्वासात ते आठ २०, आठ ते नऊ २४, नऊ ते दहा १२, एकूण ५६. टोपलीत ५०. तुम्हाला सहा नग कमी पडत होते आणि तुम्ही साठ तळले. साडेसातनंतर अर्धा घाणा काढायचा, तेल तापलंय म्हणून कढई भरायची नाही. सारण थंड पेटीत राहिलं असतं तर उद्याचे दोन तास जाऊबाईंचे वाचले असते.

पाटावरवंटा
अर्ध्या घाण्याला गॅस तेवढाच जातो आणि भाचा कुरकुरतो, पण पटलं. आज करून बघते, रात्री लिहिते.

निशिगंध
आणि ज्यांनी आधी पूर्ण पैसे दिले ते परत आले तर त्यांचं काय, ते राहिलंच की. मी अशा वेळी एक फूल हातात ठेवते, वाद घालत नाही.

गल्लेवाला
मी वाद घालतो. दर दुकानदाराचा.

पाटावरवंटा
आलेय. उशीर झालाय, थोडक्यात लिहिते. साडेसातनंतर एकच अर्धा घाणा काढला, तो पण पावणेआठला. सव्वाआठला तीनला २४० ची पाटी लावली, मोठी नाही, गल्ल्यापाशी छोटी. दोन मागणारे बरेच जण "मग तीनच द्या" म्हणाले. एक मागणारे कोणी वळले नाहीत, एकही नाही. आणि चार घेणारी एक बाई आली, तिने जोड अधिक एक असं ३४० मधे घेतलं, मला ते आधी सुचलंच नव्हतं, हिशेब करायला मिनिट लागलं.

शेजाऱ्याने साडेआठलाच अर्ध्या दराचा बोर्ड लावला. पाच-सहा लोक आमच्या पाटीसमोरून सरळ तिकडे गेले, हे बघवलं नाही. पण नवऱ्याने पाटी बदलू दिली नाही. शेवटी उरले ते मोजके, मदतीच्या पोरांना आणि रखवालदारांना तिथल्या तिथे खायला दिले. पाचच्या घाण्यातले चार खाली सापडले ते टाकले. थर्मामीटर पेटीत ८ अंश दाखवत होता, म्हणजे सूक्ष्मदर्शी बरोबर होत्या, बर्फ दुप्पट आणायला सांगितलाय.

सूक्ष्मदर्शी
८ अंश म्हणजे आजचा दुधाचा माल उद्यासाठी ठेवू नका, किती वेळ ८ होता ते तुम्हाला माहीत नाही. वाईट वाटतं पण टाका.

पाटावरवंटा
टाकला. लिहायचं नव्हतं.

रिकामटेकडा
शेजारी साडेआठला पाडतो हे लिहिलंत, आभारी आहे.

हिशेबनीस
शेजाऱ्याकडे गेलेले पाच-सहा जाऊ द्या, त्यांच्या मागे दर पाडला असता तर जे दोनचे तीन झाले ते सगळे अर्ध्या दरात गेले असते. पण रोजच असं झालं तर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. शेजाऱ्याचा माल आणि तुमचा माल लोक एकमेकांऐवजी घेतात का यावर ते आहे. तोच प्रकार असेल तर त्याच्याशी बोलून वेळ ठरवणं बरं, वेगळा असेल तर त्याच्यामुळे उलट या बाजूला गर्दी येते.

आकडेमोड
आणि शेवटच्या दिवशी? तेव्हा "उद्या" नाही, मग रिकामटेकडे लोकांची भीतीच संपली. शेवटच्या दिवशी सातलाच अर्धे करून मोकळं व्हायला हरकत काय?

हिशेबनीस
उद्याची भीती नाही, पण आठ ते नऊचे पूर्ण दराचे २४ नग त्या दिवशीही आहेतच, ते सातला का सोडायचे. शिवाय शेवटच्या दिवशी सगळेच पाडतात, तेव्हा पाडल्याने वेगळं दिसत नाही. मी सकाळीच सारण कमी भिजवीन, कारण त्या दिवशी न तळलेलं सारण पण उद्याला चालत नाही.

गल्लेवाला
मी शेवटच्या दिवशी दुपारीच स्टॉल आवरतो.

पाटावरवंटा
शेवटच्या दिवसाचं अजून ठरत नाहीये, जाऊबाई म्हणतात नेहमीएवढंच करू, त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी असते. ती रात्री नऊनंतर किती टिकते ते इथे कोणी बघितलंय का? आणि सहाच्या डब्याला छोटे पुठ्ठ्याचे डबे कुठल्या मापाचे घ्यावे, झाकणाला भोकं असलेले का बंद? बंद डब्यात वाफ धरून कालचे मऊ पडले होते.

निशिगंध
भोकवाले घ्या. आणि भरायच्या आधी पाच मिनिटं जाळीवर ठेवा.